पन्नास सेंटिमीटरचा माणूस

आगीच्या नियमांत माणूस पन्नास सेंटिमीटर रुंद असे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत जिन्याची आणि दाराची रुंदी याच मापाने मोजली होती. घाईत बाहेर पडणाऱ्या माणसांच्या एका रांगेला पन्नास सेंटिमीटर जागा लागते, म्हणून ते एक एकक. उरलेली जागा पंचवीस सेंटिमीटर असेल तर अर्धे एकक धरायचे, त्याहून कमी असेल तर सोडून द्यायची. अशा एका एककाच्या दारातून ७५ माणसे बाहेर पडू शकतात असे ती आवृत्ती मानत असे. दवाखान्याच्या जिन्याला मात्र तेवढ्याच रुंदीत फक्त २५ माणसे दिली होती. सपाट जमिनीवर आपण सहज पळतो, पण पायरीवर प्रत्येक पाऊल बघून टाकावे लागते, त्यातून आजारी माणूस असेल तर कोणीतरी त्याला धरून उतरवावे लागते. हा सगळा अनुभव त्या ७५ आणि २५ मध्ये साठवला आहे.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी थांबलोच. ज्याला आपण ‘फायर एनओसी’ म्हणतो, म्हणजे अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र, तो मला तोवर शिक्के मारलेला एक कागद वाटत होता. पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे आग, धूर आणि माणसाचे शरीर यांच्याबद्दलचे काहीतरी शिकलेले असते. ते कळले की फाइल तयार करणेही सोपे जाते, कारण अधिकारी काय बघायला येणार आहेत हे आपल्याला आधीच दिसू लागते.

उदाहरण नंदुरबारचेच घेऊ. समजा, बाजारपेठेत एक जुनी दुमजली इमारत आहे. खाली भांड्यांचे दुकान. वरचा मजला एका डॉक्टरांनी भाड्याने घेतला आहे आणि तिथे त्यांना सहा खाटांचा दवाखाना काढायचा आहे. फक्त तपासणीचा दवाखाना आणि खाटा असलेला दवाखाना यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. रुग्ण रात्री ठेवून घेणार म्हटले की महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागू होतो, नोंदणीसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जावे लागते आणि तिथे अग्निसुरक्षेचा कागद मागितला जातो. चालता-बोलता रुग्ण धूर बघून स्वतः बाहेर पडेल. सलाइन लावलेला बाहेर पडू शकणार नाही. सगळ्या वाढीव अटींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

आता कायदा बघू. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमात जबाबदारी कोणाची ते स्पष्ट आहे: मालकाची किंवा भोगवटादाराची. या ‘किंवा’वर अनेकजण अडखळतात. इमारत दुसऱ्याची, म्हणून सिलिंडर लावायचे कामही त्याचेच, असे भाडेकरूला वाटते. दवाखाना डॉक्टरांचा, म्हणून वायरिंग तेच बघतील, असे मालकाला वाटते. कायदा दोघांपैकी कोणालाही धरू शकतो. म्हणून भाडेकरार करतानाच जिना, वायरिंग आणि अग्निशामक यंत्रे यांचे कोणी काय करायचे हे त्यात लिहून घ्यावे. याच करारनाम्याची प्रत पुढे अर्जालाही जोडायची असते.

त्याच कलमात या कायद्याची खरी कळ आहे. अग्निसुरक्षेची यंत्रणा बसवण्याचे काम शासनाचा परवाना असलेल्या एजन्सीनेच करायचे. काम नियमाप्रमाणे झाले असा दाखला ती एजन्सी ‘नमुना अ’ मध्ये देते. तो एकदाच मिळतो. त्यानंतर दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत, असे वर्षातून दोनदा, ‘नमुना ब’ द्यावा लागतो. यंत्रणा अजूनही चालू स्थितीत आहे, असे एजन्सीने त्यात लिहून द्यायचे. लोकांच्या तोंडी तो ‘फॉर्म बी’. शुश्रूषागृहाची नोंदणी तीन वर्षे चालते, पण आगीचा भरवसा कायद्याने सहा महिन्यांच्या वर धरलेला नाही. हे सहा महिने का, याचे उत्तर भिंतीवरच्या लाल सिलिंडरात आहे.

लहान दुकानात आणि दवाखान्यात बहुतेक वेळा ‘एबीसी’ पावडरचे यंत्र असते. ए म्हणजे लाकूड, कागद, कापड. बी म्हणजे पेट्रोल-स्पिरिटसारखे द्रव. सी म्हणजे गॅस. तिन्हींवर चालते म्हणून हे नाव. आतली पिवळसर भुकटी मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेटची, म्हणजे खताच्या दुकानात ‘मॅप’ म्हणून मिळते त्याच जातीची. शहाद्याकडचे केळीवाले ठिबकमधून जे झाडाला देतात, त्याचाच हा भाऊ आग विझवतो. ज्वाळेत पडल्यावर ही भुकटी जळण्याच्या साखळीतले दुवे तोडते. शिवाय निखाऱ्यावर पडली की वितळते आणि त्याच्यावर चिकट साय धरते, त्यामुळे खालच्या निखाऱ्याला हवा मिळत नाही.

हीच भुकटी यंत्र वर्षभर जागचे हलवले नाही की तळाशी बसते. यंत्राच्या डोक्यावर घड्याळासारखा छोटा दाबमापक असतो. काटा हिरव्या पट्ट्यात असेल तर आतला दाब ठीक आहे. पण काटा फक्त दाब सांगतो, भुकटी सुटी आहे की गोळा झाली हे सांगत नाही. म्हणून जाणकार माणूस काटा बघितल्यावर यंत्र उतरवून उलटे करतो आणि कानाशी धरतो. भुकटी सुटी असेल तर आत वाळूसारखी सरसरत खाली येते, गोळा झाली असेल तर धप्पकन आपटते किंवा काहीच आवाज येत नाही. मी एकदा शेजारी उभा राहून हे ऐकले आहे. तीन यंत्रे होती, तिन्हींचे काटे हिरव्यात होते, आणि त्यातले एक गप्प होते.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला तर काटाही नसतो. तो वजनावर तपासतात. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावर कोरलेले असते. आतला वायू दहा टक्क्यांहून जास्त घटला की तो पुन्हा भरायचा. विजेच्या पॅनेलजवळ आणि महागड्या यंत्रांजवळ हाच बरा, कारण मागे काही सांडत नाही. सोडताना मात्र त्याचा काळा भोंगा उघड्या हाताने धरायचा नाही. बाहेर पडणारा वायू प्रसरण पावताना इतका थंड होतो की त्याचा बर्फ होतो, उणे ७८ अंशांचा. नंदुरबारच्या मे महिन्यातही तो हाताची कातडी भाजू शकतो.

यंत्र कुठे लावायचे यालाही कारण आहे. कोपऱ्यात, कपाटामागे, स्टूल घेऊन चढावे लागेल असे लावलेले यंत्र कोणाला सापडत नाही. भारतीय मानकाप्रमाणे आगीच्या जागेपासून पंधरा मीटरच्या आत एक तरी यंत्र हाताशी आले पाहिजे. ते शक्यतो बाहेर जाण्याच्या वाटेवर असावे. यंत्र घ्यायला जाणारा माणूस मग दाराच्या दिशेने जातो आणि आग आवरली नाही तर त्याची पाठ दाराकडे असते. सहा किलोचे यंत्र पंधरा-वीस सेकंदांत संपते. एवढा वेळ कचऱ्याच्या टोपलीला पुरतो, पेटलेल्या पलंगाला पुरत नाही. आग टोपलीएवढी असेल तरच लढायचे, नाहीतर माणसे बाहेर काढायची, हे कर्मचाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेले असावे. तपासणीला आलेले अधिकारी नर्सला किंवा दुकानातल्या मुलाला हमखास विचारतात, “पिन कुठली? ओढून दाखवा.” उत्तर मालकाने द्यायचे नसते.

आता जिन्याकडे येऊ. २००५ च्या त्याच संहितेत दहा खाटांपर्यंतच्या रुग्णालयाला किमान दीड मीटर रुंद जिना सांगितला होता, त्याहून जास्त खाटा असतील तर दोन मीटर. आपल्या सहा खाटांच्या दवाखान्याचा जिना मोजला आणि तो बरोबर दीड मीटर भरला असे धरू. म्हणजे त्या हिशेबाने तीन एकके, ७५ माणसे. छान. आता दारातल्या चपलांचे काय, म्हणून कोणीतरी जिन्याच्या तोंडाशी तीस सेंटिमीटर खोलीचे चपलांचे कपाट ठेवले. उरले एक मीटर वीस. त्यात दोन पूर्ण एकके बसली आणि वीस सेंटिमीटर उरले. ते पंचविसाहून कमी, म्हणून हिशेबात नाहीत. ७५ चे ५० झाले. एका चपलांच्या कपाटाने पंचवीस माणसांची वाट खाल्ली.

म्हणून अधिकारी टेप घेऊन येतात आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत न मोजता मोकळी वाट मोजतात. जिन्याखाली ठेवलेला जनरेटर, खालच्या दुकानदाराचे रिकामे खोके, वळणावरची पाण्याची टाकी हे सगळे त्या मोजणीत येते. दार बाहेरच्या बाजूला उघडते का तेही बघतात. घाबरलेली माणसे दाराला टेकली की आत ओढायचे दार उघडतच नाही. दुकानांची अडचण शटरची असते. वरून ओढायच्या किंवा सरकत्या दाराला संहिता बाहेर पडायचे दार मानत नाही. एकच तोंड असलेल्या गाळ्यात शटर धंद्याच्या वेळी पूर्ण वर असले पाहिजे. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी शटर अर्धे ओढून आत पडायची पद्धत आहे. मागे मिरचीची पोती रचलेली असतील तर ती दुपार धोक्याची, कारण पेटलेल्या सुक्या मिरचीच्या धुरात माणूस डोळे उघडे ठेवू शकत नाही आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडायचे ठिकाण त्याला दिसत नाही.

बाजारपेठेतल्या कित्येक जुन्या इमारतींचे जिने दीड मीटरच्या जवळपासही नसतात. तिथे रंगरंगोटी करून किंवा सिलिंडर वाढवून प्रश्न सुटत नाही. दुसरा जिना काढावा लागतो, खाटा तळमजल्यावर आणाव्या लागतात किंवा जागाच बदलावी लागते. हे सगळे फर्निचर झाल्यावर कळले तर लाखांचे नुकसान होते. जागा बघायला जाताना खिशात टेप ठेवा, अनामत देण्याआधी जिना मोजा. माझ्या मते या विषयातली एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मे अर्ज अडकायचे थांबतील.

तिसरी गोष्ट वीज. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळे गेली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत आगी लागल्या. या तिन्ही ठिकाणी यंत्रे दिवसरात्र चालू होती आणि माणसे स्वतःहून उठून जाऊ शकणारी नव्हती. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांचे फायर ऑडिट सुरू झाले आणि लहान दवाखान्यांकडेही कागद मागितला जाऊ लागला.

वायर का पेटते हे समजून घेण्यासारखे आहे. वायरीतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तीत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. दवाखाना सुरू करताना दोन पंखे आणि एक फ्रिज असतो. पुढे एसी येतो, निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह येतो, इन्व्हर्टर येतो, वायर मात्र जुनीच राहते. मग एमसीबी पडू लागतो. तो पडतो म्हणजे तो आपले काम करत असतो, वायर तापली हे सांगत असतो. पण रोजचा त्रास नको म्हणून कोणीतरी त्या जागी मोठ्या अँपिअरचा एमसीबी बसवतो. तो आता पडत नाही. पडायची वेळ येते तेव्हा भिंतीतली वायर आधी जळते. अनुभवी तपासनीस म्हणून पॅनेल उघडून एमसीबीवरचा आकडा वाचतो, त्याखालच्या वायरीची जाडी बघतो आणि मग प्लगच्या भोकांभोवती तपकिरी डाग आहे का ते शोधतो. तो डाग सैल जोडाचा असतो. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा वायरिंग अहवाल अर्जाला जोडायचा तो यासाठीच. हा अहवाल जागेवर न येता लिहिलेला असेल तर तपकिरी डाग त्याला खोटा पाडतो.

दवाखान्यात आणखी दोन गोष्टी असतात, स्पिरिट आणि ऑक्सिजन. हात पुसायच्या ७० टक्के अल्कोहोलमधून साधारण १७ अंश तापमानाला पेट घेईल एवढी वाफ निघू लागते. नंदुरबारच्या थंडीतल्या काही पहाटा सोडल्या तर वर्षभर आपण त्या वर असतो. म्हणून पाच लिटरचा कॅन ऑटोक्लेव्हशेजारी नको, रोजच्या वापरापुरती बाटली बाहेर आणि बाकी साठा बंद कपाटात, उष्णतेपासून दूर. ऑक्सिजनचे वागणे आणखी चकित करणारे आहे. तो स्वतः जळत नाही. पण हवेत तो २१ टक्के असतो, एखाद्या बंद खोलीत गळतीने तो थोडाच वाढला तरी चादर, केस, कापूस हे नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने जळतात. कोरोनाच्या काळात ऑक्सिजन प्रकल्प वेळेत उभारले म्हणून नंदुरबारचे नाव देशभर झाले. तोच वायू लहान दवाखान्यात सिलिंडरमधून येतो. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला हवा, आणि त्याच्या झडपेला तेल किंवा ग्रीसचा हात लागता कामा नये, कारण दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेऊ शकते.

एवढे झाले की फाइल सोपी आहे. अर्ज नगरपालिकेच्या अग्निशमन विभागाच्या नावे असतो. नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा या शहरांत नगरपालिका आहे. औद्योगिक वसाहतीतली जागा असेल तर एमआयडीसीचा अग्निशमन विभाग बघतो. सोबत जागेचा हक्क दाखवणारा कागद, म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा किंवा भाडेकरार आणि मालकाची संमती, मालमत्ता कराची पावती, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र लागते. आतल्या मांडणीचा नकाशा वेगळा द्यायचा, त्यात खाटा, दारे, जिना, विजेचे पॅनेल आणि प्रत्येक अग्निशामक यंत्राची जागा दाखवायची. मग एजन्सीचा नमुना अ, तिच्या परवान्याची प्रत, यंत्रांची बिले, वायरिंगचा अहवाल, फोटो आणि शुल्काची पावती. एखाददुसरा कागद कार्यालयागणिक वाढतो, म्हणून आधी तिथली यादी मागून घ्यावी.

सगळ्यात जास्त खोळंबा तीन जागी होतो. भोगवटा प्रमाणपत्रात वापर ‘निवासी’ लिहिलेला असतो आणि तिथे दवाखाना चालवायचा असतो. तो बदल नगररचना विभागाकडून करून घ्यावा लागतो, अग्निशमन विभाग तो करू शकत नाही. नकाशात दाखवलेले यंत्र भिंतीवर त्या जागी नसते. आणि एजन्सीच्या परवान्याची मुदत संपलेली असते. परवानाधारक एजन्सींची यादी राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडे असते. पैसे देण्याआधी नाव आणि मुदत दोन्ही ताडून बघा.

अर्ज दिला की पोच घ्या, तारखेसह. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे कार्यालयाने आपल्या सेवा, त्यांची मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपिलाचा अधिकारी यांची नावे फलकावर लावायची असतात. मुदत उलटली तर त्याच फलकावरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध होत नाही. पाहणीत त्रुटी निघाली तर ती लेखी मागावी, दुरुस्त करावी आणि फोटोसह कळवावी.

धडगाव किंवा मोलगीच्या बाजूला दुकान-दवाखाना असलेल्यांना एक वेगळे सांगणे आहे. सातपुड्याच्या घाटातून बंब वर येईपर्यंत आग आपले काम करून गेलेली असते. तिथे भिंतीवरचे सिलिंडर आणि मोकळा जिना हेच पहिले आणि कित्येकदा शेवटचे अग्निशमन दल आहे. कोणी तपासायला येवो न येवो, ते यंत्र महिन्यातून एकदा उतरवा, उलटे करा आणि कानाशी धरा. आतून सरसर आवाज आला पाहिजे.